टीव्हीत कोणाचं अकाउंट घालायचं?

शेवंतीला तो टीव्ही घरात नको होता. का नको होता हे मात्र ती कोणाला सांगू शकत नव्हती, आणि सगळा घोळ इथेच होता.

जामसंड्यात त्यांचं चिऱ्याचं घर, मागे हापूसची थोडी कलमं, पुढे सारवलेलं खळं. नवरा सत्यवान एसटीत ड्रायव्हर होता, देवगड डेपोतून रिटायर झाला. देवगड ते कोल्हापूर रस्त्यावरचा प्रत्येक थांबा, प्रत्येक वळण आणि वाटेतल्या हॉटेलवाल्यांच्या पोरांची नावंसुद्धा त्याला पाठ. उभ्या नोकरीत कोणाला रस्ता विचारला नाही, ही त्याची ऐट. आणि हाच माणूस गेल्या शिमग्यापासून मोटारसायकलची चावी तांदळाच्या डब्यात ठेवायला लागला. मध्ये एकदा नाक्यावर मीठ आणायला गेला तो कितीतरी वेळानं भलत्याच वाटेनं रिकाम्या हातानं परत आला. वर म्हणतो कसा, "मेल्यांनी रस्तो खणून ठेवल्यानी. खंय वळाचां तांच कळणा नाय." शेवंती संध्याकाळी मुद्दाम जाऊन बघून आली. रस्ता कोणीही खणला नव्हता.

तेव्हापासून दुपारी तो पंख्याखाली घोरायला लागला की ती मोबाइल घेऊन मागीलदारी जाऊन बसायची आणि आवाज बारीक करून यूट्यूबवर डॉक्टरांचे व्हिडिओ बघायची. विसरण्याचे, वाट चुकण्याचे, घरच्यांनी काय करावं त्याचे. एक बघितला की मोबाइल आपणहून तसलेच आणखी पुढे करायचा, आणि ती तेही बघायची. लेकीला, संचिताला, तिनं कळवलं नव्हतं. ती पुण्याला नर्स आहे, कळलं असतं तर दुसऱ्याच दिवशी गाडी करून आली असती. आणि सत्यवानाला सांगायचं? छे! "तुमका इसराक होता" असं त्याच्या तोंडावर म्हटलं असतं तर तो माणूस एका रात्रीत म्हातारा झाला असता. बीपी तपासायच्या निमित्तानं त्याला कणकवलीला न्यायचं, डॉक्टरांना बाजूला घेऊन हळूच सांगायचं, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. तोवर त्याला याचा वारासुद्धा लागू द्यायचा नव्हता.

अशात संचितानं हा भलामोठा टीव्ही पाठवला. सत्यवानाला डबलबारी भजनांचं वेड. दोन बुवा समोरासमोर बसून एकमेकांना गाण्यातून चिमटे काढतात, ते बघायला हा माणूस पूर्वी मैलोन् मैल जायचा. आता ते सगळं यूट्यूबवर असतं, पण त्याचा फोन बटणांचा. "बाबांना मोठ्या पडद्यावर बघू दे गं," लेक म्हणाली. लेकीचं काही चुकलं नव्हतं.

टीव्ही लावायला जितेंद्र आला. घरातलं इंटरनेटही त्याचंच, त्यामुळे दोन्ही कामं एकदमच. त्यानं चिऱ्याच्या भिंतीत ड्रिल घातलं तेव्हा घरभर लाल धूळ झाली. शेवंतीनं तीही निमूट झाडली. मग पडदा उजळला, रिमोट जोडला गेला आणि जितेंद्र म्हणाला, "आता भाषा, मगे वायफाय, मगे अकाउंट. काकी, तुमच्या मोबाइलात अकाउंट आसा मा? तोच घालूया. दोन मिनिटांचा काम."

शेवंतीच्या हातातला झाडू थांबला.

"माझां घातला तर काय होता?"

"काय नाय. तुमच्या मोबाइलातला यूट्यूब तसोच्या तसो हय येतलो. तुमी काय बघतास, काय शोधतास, तेच्यावरसून तो वळखता आणि तसलेच व्हिडिओ पुढ्यात मांडता. बरां असता तां, शोधीत बसाक नको."

बरं असतं म्हणे! शेवंतीनं झाडू भिंतीला टेकवला. "आणि अकाउंटाशिवाय चालणा नाय?"

"चालता. पण नुसते चॅनल दिसतले. यूट्यूब नाय, काय नाय."

"मगे काय कप्पाळ बघूचां?" सत्यवान खुर्चीतून गरजला. "माका भजनां होयी."

तेवढ्यात जितेंद्रचा फोन वाजला. कुठेतरी जेसीबीनं त्याची केबल तोडली होती. तो शिव्या घालत शिडी तिथेच टाकून पळाला. जाता जाता एवढंच म्हणाला, "वायफायचो पासवर्ड त्या डब्याच्या पाठसून चिकटवलेलो आसा. मी येतंय संध्याकाळी."

संध्याकाळपर्यंत थांबायला काय हरकत होती? पण थांबेल तो सत्यवान कसला! "चाळीस माणसांची गाडी घाटातसून काढलंय, ह्यो डबो माका काय भारी?" असं म्हणून त्यानं रिमोट हातात घेतला. चष्मा कुठे होता देव जाणे. पडद्यावर जगातल्या सगळ्या भाषांची यादी होती. तो खालचं बटण दाबत सुटला. यादी आधी जागची हलेना, मग एकदम धावली. अखेर आपली अक्षरं दिसली तशी त्यानं ठोकलं मधलं बटण.

पडद्यावर आलं, "स्वागत छ".

शेवंती बघतच राहिली. "छ?"

"स्वागत," सत्यवान समाधानानं म्हणाला. "बघ, कसां मानान बोलता."

"अवो, पण 'छ' काय? ह्यां गुजराती तर न्हय?"

"गुजराती अक्षरां अशी असतत? वाचूक येता मा तुका? मगे मराठीच. ह्यां सरकारी मराठी. आमच्या डेपोत असलीच पत्रां येयत. साध्या माणसाक कळाक नको म्हणान लिवतत तशी."

पुढच्या पानावर लिहिलं होतं, "जारी राख्नुहोस्". सत्यवान ते मोठ्यानं वाचून मान डोलावत पुढे गेला.  ही मराठी नाही एवढं शेवंतीला स्पष्ट दिसत होतं. मग याला कसं दिसत नाही? डोळ्यांचं आहे, हट्टाचं आहे, की तेच आहे? आता हा टीव्हीही परीक्षा घ्यायला बसला की काय, मेला!

मग वायफाय. पडद्यावर नावांची रांग लागली. निम्म्या वाडीचे राउटर त्यात होते. जितेंद्रनं बसवलेल्याचंच नाव दोनदा होतं, एकाच्या शेपटीला 'फाइव्ह जी' लावलेलं. सत्यवानानं अर्थात तेच घेतलं. "फाइव्ह जी म्हणजे जास्त दमाचो." राउटर माजघरात, टीव्ही पडवीत, मध्ये दोन चिऱ्याच्या भिंती. शेवंती राउटरच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचायची आणि तो पडवीतून एकेक अक्षर टिपायचा.

"मोठो बी. मगे शून्य."

"शून्य का ओ?"

"गोल आसा!"

"गोल दोनूय असतत गो बाये!"

लावलं. पडद्यावर आलं, "पासवर्ड मिलेन".

"झाला!" सत्यवान खूष. "मिळेन म्हणता. म्हणजे मिळतला. थांब जरा."

दोघं थांबली. चांगली थांबली. टीव्ही ढिम्म. सत्यवान म्हणाला नेट हळू आहे. शेवंती म्हणाली जितेंद्रला फोन करू. सत्यवान म्हणाला त्याची गरज नाही. पुन्हा लावलं, पुन्हा "मिलेन". तिसऱ्यांदा सत्यवानाचा पारा चढला. "मिळेन मिळेन म्हणता आणि आवशीचो घो, मिळणा नाय!" असं तो इतक्या मोठ्यानं ओरडला की कुंपणापलीकडच्या बागेतला मानबहादूर धावत आला.

मानबहादूर शेजारच्या हापूसच्या बागेचा राखणदार, नेपाळी. बाप इथेच राखणीला होता, त्यामुळे हा लहानाचा मोठा इथल्याच कलमांखाली झालेला. मालवणी बोलतो ते तर इथल्या पोरांहून चोख.

"काय झाला काका? कोण पडला?"

"पडाक कोण नाय. ह्यो टीव्ही बघ मेलो. म्हणता पासवर्ड मिलेन, फेरि प्रयास गर्नुहोस्. काय समजाचां माणसान?"

मानबहादूर आधी चमकला आणि मग उंबऱ्यावर बसून पोट धरधरून हसला. "काका, ही आमची भाषा! नेपाळी! पासवर्ड मिलेन म्हणजे जुळाक नाय. परत करून बघ म्हणता."

 शेवंतीला हसावं की रडावं कळेना. पण पहिल्यांदा तिचा श्वास मोकळा झाला. यादीत नेपाली आणि मराठी एकाखाली एक होती, बोट एक घर आधी पडलं होतं, बस्स. असं कोणाचंही होईल. अगदी धडधाकट माणसाचंही होईल.

"मगे आता मराठी कसां करूचां तां वाच बघया," सत्यवान म्हणाला.

मानबहादूरनं कान खाजवला. "वाचूक येणा नाय माका. शाळेत खंय गेलंय मी? नुसतां बोलूक येता."

घ्या! एकाला वाचता येत होतं पण कळत नव्हतं, आणि दुसऱ्याला कळत होतं पण वाचता येत नव्हतं. मग दोघं खुर्च्या जोडून बसले. सत्यवान कीर्तनकारासारखा एकेक ओळ म्हणायचा, मानबहादूर तिचा मालवणीत उलगडा करायचा. भाषा मागाहून सेटिंगमध्ये बदलता येईल, आधी हे पार पाडू, असं ठरलं. फाइव्ह जी सोडून दुसरं नाव घेतलं, 'ओ'च्या जागी शून्य घातलं आणि नेट लागलं. सत्यवानाला असा आनंद झाला की त्यानं मानबहादूरला चहा पाजायचं फर्मान सोडलं.

चहा ठेवून शेवंतीनं पडवीत येऊन संचिताला स्पीकरवर फोन लावला, कारण आता पडद्यावर चौकोनी काळं-पांढरं चित्र येऊन उभं होतं आणि ते तिच्या मोबाइलाकडे बघत आहे असं तिला वाटत होतं.

"आई, तो कोड तुझ्या फोनच्या कॅमेऱ्यानं स्कॅन कर, तुझं अकाउंट निवड, झालं," संचिता म्हणाली.

"माझां नको."

"का पण?"

"माझ्या फोनात बँकेचां आसा."

"बँकेचा काय संबंध त्यात? यूट्यूब आणि बँक वेगळं असतं गं आई!"

"नको म्हटलां मा! बाबांच्या नावान नवीन कर."

"ड्यूटीवर जायचंय मला. आई, काय हा हट्ट!" लेक वैतागली. वैतागायचीच. शेवंतीला स्वतःचा राग आला, लेकीचाही आला, आणि त्या चौकोनी चित्राचा तर सगळ्यात जास्त आला. पण ती मागे हटली नाही. संचितानं चडफडत तिकडे आपल्या कॉम्प्युटरवर बापाच्या नावानं अकाउंट उघडलं आणि फोनच्या स्पीकरवरून पासवर्ड सांगायला लागली. रिमोटनं टाकायचं म्हणजे एकेका अक्षरासाठी पडद्यावरच्या कळफलकावर वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फिरायचं. मोठं अक्षर आलं की बाण दाबा, आकडा आला की दुसरं पान उघडा, आणि शेवटचं अक्षर चुकलं की सगळं पहिल्यापासून. मानबहादूरचा चहा संपला, तो बागेत माकडं आली म्हणून पळाला, तरी यांचं चाललेलंच. टीव्ही आहे की तहसीलदार कचेरी? शेवटी एकदाचं लागलं. पडद्याच्या कोपऱ्यात गोलात सत्यवानाच्या नावाचं अक्षर उमटलं आणि शेवंती मटकन खाली बसली. वाचले, तिच्या मनात आलं.

आता टीव्ही सुरू झाला म्हणाल तर नाही. पडदाभर कसले कसले चौकोन! सिनेमे दाखवणारे, पैसे भरा म्हणणारे, खरेदी करा म्हणणारे, पोरांचे गाडीचे खेळ, कंपनीचं स्वतःचं दुकान. यूट्यूब त्यात कुठेतरी कोपऱ्यात दबलेला. आणि एक फुकट चॅनलांचं ॲप तर असं आगाऊ, की टीव्ही उघडला रे उघडला, ते आपणहून सुरू व्हायचं आणि त्यात कोणी एक परदेशी माणूस मासे तळत बसलेला असायचा.

"ह्यां कोणी आणून ठेवल्यान हय?" सत्यवान भडकला. "टीव्ही माझो, भिंत माझी, आणि ह्यो कोण माझ्या पडवीत मासे तळता?"

"सोडा ना. तुमी भजनां लावा."

"आधी ही घाण काढतलंय."

त्यानं एकेक चौकोन दाबून धरायला सुरुवात केली. खेळ निघाला, खरेदीवालं निघालं. मासेवालं मात्र निघेना. काढून टाकायची सोयच नव्हती; त्याजागी नुसतं "असक्षम पार्नुहोस्" होतं.

"बघ, माकाच असक्षम म्हणता!"

ते ॲप फक्त बंद करून ठेवता येतं, एवढाच त्याचा अर्थ होता. पण अर्थ सांगणारा मानबहादूर माकडांमागे होता. शेवंतीनं त्याला थांबवायला हवं होतं. ती भाकरीचं पीठ घ्यायला आत गेली आणि तिथेच चूक झाली. सत्यवान सेटिंगच्या आत शिरला, आणखी आत शिरला, जिथे कोणी शहाणा माणूस जात नाही तिथे पोचला, आणि त्याला एक ओळ दिसली. सबै डेटा मेटाउनुहोस्.

"सगळां मिटवा!" तो आतल्या दिशेनं आनंदानं ओरडला. "हय लिवलेला आसा गो, सगळां मिटवून टाका. भांडाण मिटता बघ आता!"

"थांबा! दाबू नकात—"

टीव्हीनं दोनदा विचारलं. सत्यवानानं दोनदा होय म्हटलं. पडदा काळा झाला.

मिटवायचं कसलं, पुसून टाकायचं होतं ते. टीव्ही दुकानातून आला होता तसा कोरा झाला. वायफाय गेलं, अकाउंट गेलं, आणि काढलेला खेळ नि खरेदीवालं दोन्ही परत येऊन बसली. शेवंती पिठाचे हात घेऊन दारात उभी राहिली. एवढ्या मेहनतीवर पाणी! तिला त्या क्षणी रिमोट उचलून विहिरीत टाकावासा वाटला.

"माका काय म्हाईत?" सत्यवान पुटपुटला. त्याचा चेहरा पोरासारखा पडला होता. तो पडका चेहरा बघून तिचा राग तिथल्या तिथे विरला.

"असूंदे. भाषेची यादी परत इली मा? बरां झाला उलट." या खेपेला तिनं स्वतः चष्मा लावला. नेपाली सोडलं, खाली मराठी. पुन्हा पुन्हा वाचलं, मग दाबलं. "स्वागत आहे" आलं. वायफायही आता फटक्यात लागलं. राहिलं अकाउंट. संचिताला फोन केला, तर बंद. वॉर्डात गेली की ती फोन कपाटात ठेवते, ड्यूटी सुटेपर्यंत लागायचा नाही. पासवर्ड दोघांनाही आठवत नव्हता. आठवणार कसा, तो काय पासवर्ड होता? खिळे सांडावेत तशी अक्षरं होती नुसती.

"संचिता सुटली की करूया. तवसर हात लावू नकात," तिनं बजावलं.

"नाय लावणंय."

बाहेर खळ्यात आंबापोळी वाळत घातली होती, कावळे उतरायला लागले होते. ती हात धुऊन बाहेर गेली. फडकं सारखं केलं, ताटं उन्हाकडे सरकवली, कावळ्यांना हाकललं. फोन आत टेबलावर राहिला होता. हे तिच्या ध्यानात आलं आणि तिचे हात तसेच ताटावर थबकले. फोनला कुलूपबिलूप काही नव्हतं. संचितानं त्याच्यासमोर स्पीकरवर सांगितलं होतं, कोडासमोर फोन धरायचा, नाव निवडायचं, झालं. दोन मिनिटांचं काम.

ती धावली. चप्पल खळ्यातच राहिली.

पडवीत सत्यवान उभा होता, एका हातात तिचा फोन, दुसऱ्या हातात रिमोट, आणि चेहऱ्यावर विजय. "केलंय! कोणाक विचारूक नाय. तुझां नाव इला, दाबलंय, उघाडला." पडद्याच्या कोपऱ्यातल्या गोलात तिच्या नावाचा 'श' होता. आणि त्यानं यूट्यूबवर बोट ठेवलेलंच होतं.

"अवो, तां बंद करा. आधी जेवा."

"भजन लावतंय मा."

पडदा भरला. मोठ्या पडद्यावर अक्षरं केवढाली दिसतात! मागीलदारी तळहाताएवढ्या काचेवर जे तिनं एकटीनं बघितलं होतं, ते सगळं पडवीभर पसरलं होतं, आणि आता स्वच्छ मराठीत होतं. वर एक आंबापोळीची कृती, आणि तिच्या बाजूनं, खालून, सगळीकडे तेच. शेवंतीनं रिमोटासाठी हात पुढे केला, पण तो वाचायला लागला होता. ओळीवर बोट ठेवावं तसा रिमोट रोखून, मोठ्यानं, मघा नेपाळी वाचत होता तसाच.

"विसरभोळेपणा म्हणावा की आजार? ... ओळखीचा रस्ता चुकतो तेव्हा ... स्मृतिभ्रंश, घरच्या माणसांनी कसं वागावं ..."

तो थांबला. उलगडून सांगायला आता मानबहादूर लागणार नव्हता.

 गेले तीन महिने शेवंतीनं जे झाकून ठेवलं, लेकीशी खोटं बोलली, बँकेचं निमित्त केलं, ते सगळं त्या फुटक्या टीव्हीनं भिंतीवर मांडून दाखवलं होतं. आता हा माणूस खुर्चीत बसेल आणि पुन्हा उठणार नाही, असं तिला वाटलं. 

सत्यवान पडद्याकडे बघत होता. मग हातातल्या तिच्या फोनकडे त्यानं बघितलं. मग कोपऱ्यातल्या तिच्या नावाच्या अक्षराकडे. आणि मग तिच्याकडे. असं त्यानं तिच्याकडे कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

"शेवंती," तो म्हणाला. आवाज अगदी खाली आला होता. "ह्यां तू बघतंस?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

"म्हणजे... तुका होता काय गो ह्यां?"

तिला आधी कळलंच नाही तो काय म्हणाला. कळलं तेव्हा ती भिंतीला टेकली. फोन तिचा होता, नाव तिचं होतं. त्यानं सरळ हिशेब केला होता. नाय, माका न्हय, तुमका. एवढे चार शब्द तिच्या जिभेवर आले. त्याचे डोळे भरून आले होते. या रागीट माणसाच्या डोळ्यांत पाणी! आणि ते शब्द तिनं गिळले.

"होय," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"शिमग्यापासून."

"आणि माका सांगूक नाय?"

"भियालंय."

सत्यवानानं रिमोट ठेवला. त्यानं तिला हाताला धरून आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः समोर जमिनीवर टेकला, गुडघे दुखतात तरी. "भिया नको. मी आसंय मा? तू इसारलंस तर मी ध्यानात ठेवीन सगळां. उद्या सकाळी कणकवलीक जावया, डॉक्टराक दाखवया. मी नेतंय तुका."

"मगे तुमीय तपासून घ्या माझ्यावांगडा. माका एकटीक बरां वाटाचां नाय."

"घेतंय. तेका काय झाला? घेतंय." त्यानं तिच्या हातावर थोपटलं. मग आत जाऊन तिच्यासाठी पाणी आणलं, पंखा मोठा केला, पडवीचं दार अर्धं लोटलं. एवढं तिच्यासाठी त्यानं जन्मात केलं नव्हतं. शेवंतीनं पाणी घेतलं. इतका दिवसभराचा वैताग, चीड, धावपळ, आणि आता हे असं. तिला रडू आवरेना, आणि त्याला वाटलं ती आपल्या दुखण्यापायी रडते.

तिनं पाणी संपवलं तोवर तो तिच्याजवळच बसून होता. टीव्ही कोणी बंद केला नव्हता. सत्यवानाची नजर फिरत फिरत पुन्हा पडद्यावर गेली. त्यानं ओळी पुन्हा सावकाश वाचल्या, ओठ हलवत, आणि त्याच्या कपाळाला हळूहळू आठ्या पडल्या. मग तो तिच्याकडे वळला.

"शेवंती, ह्यां तू बघतंस? तुका होता काय गो ह्यां?"

तिनं पदरानं डोळे पुसले. "होय," ती म्हणाली, मघासारखंच.

"कधीपासून?"

"शिमग्यापासून."

"आणि माका सांगूक नाय?" तो कळवळून म्हणाला आणि त्यानं तिचा हात पुन्हा हातात घेतला.